आईच्या पायांचं जर्मन लोशन संपत आलंय, त्याच्या जोडीचं इथं काय मिळेल? (लेबलं उतरवून दिलीत)

अनगोळकर

नमस्कार मंडळी. भाऊ जर्मनीत असतो. येताना आईसाठी दरवेळी एक लोशन आणतो, त्याच्या तोंडावरच मोठ्या अक्षरात १० टक्के युरिया असं छापलेलं आहे. आईला शुगर आहे. थंडी पडली की तिच्या नडग्यांवर पांढरे खवले सुटतात, रात्री खाज येते, टाचांना बारीक भेगा पडतात. या लोशननं तिला खरंच फरक पडतो. यंदा भावाचं येणं लांबलंय आणि बाटली तळाला गेली आहे.

इथं बेळगावात चौकशी केली. गणपत गल्लीतल्या एका मेडिकलवाल्यानं ट्यूब पुढे केली आणि म्हणाला, "अदे री, सेम." दुसऱ्यानं एक लोशन दिलं, "यातपण युरिया आहे" म्हणून. वहिनी कोल्हापूरला गेली होती, तिनं तिकडून तिसरंच एक आणलं. तिघंही सेम म्हणतात, पण मागची अक्षरं वाचली तर तिन्ही वेगळी. आपल्या धाग्यांवर कंपन्यांची नावं लिहायची नाहीत असं ठरलंय, म्हणून अ, ब, क म्हणतो.

जर्मन बाटली: पाणी, युरिया, ग्लिसरीन, दोन-तीन तेलकट नावं, सीटेअरिल अल्कोहोल, सोडियम लॅक्टेट, मग बरीच नावं, त्यात कार्बोमर, आर्जिनिन, सिरॅमाइड एनपी. सुगंध कुठंच नाही.

अ (ट्यूब): युरिया १० टक्के, लॅक्टिक ॲसिड १० टक्के, प्रॉपिलिन ग्लायकॉल १० टक्के, लाइट लिक्विड पॅराफिन १० टक्के, क्रीम बेस क्यू. एस. बस, इतकंच.

ब (लोशन): पाणी, ग्लिसरीन, मिनरल ऑइल, ग्लिसरिल स्टिअरेट, सीटिल अल्कोहोल, डायमेथिकोन, फिनॉक्सीइथेनॉल, परफ्यूम, युरिया, टोकोफेरिल ॲसिटेट. तोंडावर "युरियायुक्त" आणि एका थेंबाचं चित्र.

क (कोल्हापूरचं क्रीम): तोंडावर "युरिया १० टक्के". मागे पाणी, युरिया, ग्लिसरीन, सीटोस्टिअरिल अल्कोहोल, लिक्विड पॅराफिन, सोडियम लॅक्टेट, डायमेथिकोन, फिनॉक्सीइथेनॉल, कार्बोमर. सिरॅमाइड नाही.

यातलं जर्मन बाटलीच्या जवळ कोणतं? अ मधे तर युरिया बरोबर १० आहे आणि वर लॅक्टिक ॲसिडपण आहे, म्हणजे तेच जास्त चांगलं की काय?

शहापूरची सून

भाऊ, एवढं वाचत बसण्यापेक्षा घाण्याचं खोबरेल आणा. आमच्या सासूबाई ऐंशीच्या आहेत, आंघोळ झाली की ओल्या अंगाला खोबरेल, दुसरं काही नाही. पाय बघाल तर लहान मुलासारखे. आणि तुमच्या त्या यादीत अल्कोहोल आहे, ते तर कातडी कोरडी करतं ना? सॅनिटायझरनं हात कसे होतात बघितलंय सगळ्यांनी.

ऊसवाला

युरिया म्हणजे आपला शेतातलाच ना ओ? आमच्याकडं अथणीला ४५ किलोचं पोतं पडलंय. चमचाभर खोबरेलात कालवून लावलं तर चालंल काय? चेष्टा नाही करायलो, बायकोच्या टाचा लई फुटल्यात.

फार्मसीतले काका

आधी ऊसवाल्यांना, कारण कोणीतरी खरंच करून बसेल. रेणू तोच आहे, हे तुमचं खरं. पण पोत्यातल्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा थर दिलेला असतो, २०१५ पासून देशात शेताचा जवळजवळ सगळा युरिया तसाच येतो. त्यात बाययुरेटसारखी भेसळ म्हणा, अवशेष म्हणा, शेताला चालेल इतका असतो. तो अंगाला लावायच्या शुद्धतेचा माल नव्हे. आणि मुळात युरिया तेलात विरघळतच नाही. खोबरेलात खडे तसेच राहतील आणि भेगेत जाऊन टोचतील. पोतं उसालाच राहू दे. वहिनींच्या टाचांचं पुढं बघू.

शहापूरच्या ताई, सीटेअरिल आणि सीटिल अल्कोहोल हे नावापुरते अल्कोहोल. ते मेणासारखे घट्ट, पांढरे असतात, क्रीमला दाटपणा त्यानंच येतो आणि कातडी त्यानं मऊच पडते. सॅनिटायझरमधलं ते वेगळं. खोबरेलाबद्दल माझी तक्रार नाही, ओल्या अंगावर लावायची सासूबाईंची पद्धत तर अगदी बरोबर आहे. पण तेल आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही, एवढंच करतं. युरिया पाणी धरून ठेवतो आणि वरचा जाड मेलेला थर सैल करतो. अनगोळकरांच्या आईंना खवले आहेत, तिथं या दुसऱ्या कामाची गरज आहे.

आता मूळ प्रश्न. मी मलमांच्या खात्यात नोकरी केली आहे, तेवढ्या जोरावर सांगतो. तुमच्या चार यादींपैकी अ ची यादी वाचायची रीत वेगळी आणि बाकी तिघांची वेगळी. सगळा घोळ तिथं होतो.

जर्मन बाटली, ब आणि क ही सौंदर्यप्रसाधनं आहेत. त्यात घातलेलं सगळं छापावं लागतं. १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं, आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कसेही. हा नियम तिकडं युरोपात आहे तसा आपल्याकडंही आहे. म्हणजे यादीत एका जागी न दिसणारी रेघ असते, तिच्यावर क्रमाला अर्थ, तिच्याखाली काही नाही. ती रेघ शोधायला फिनॉक्सीइथेनॉल बघायचं. ते परिरक्षक आहे, माल खराब होऊ नये म्हणून घालतात, आणि त्याला १ टक्क्याची मर्यादा आहे. म्हणजे ते जिथं दिसेल त्याच्या पुढं छापलेलं काहीही १ टक्क्याच्या वर असू शकत नाही.

आता ब बघा. युरिया फिनॉक्सीइथेनॉलच्या नंतर, परफ्यूमच्याही नंतर. म्हणजे फार तर १ टक्का, बहुधा त्याहूनही कमी. जर्मनमधे १० आहे. ब वाईट लोशन नाही, ग्लिसरीन आणि मिनरल ऑइलचं साधं बरं लोशन आहे. पण आईंच्या खवल्यांसाठी ते युरियाचं लोशन नव्हे. "युरियायुक्त" हा शब्द खोटा नाही, इतकंच.

अ ही औषधाच्या परवान्यावर बनलेली ट्यूब आहे. तिच्यावर फक्त औषधी घटक टक्क्यांसकट येतात, बाकीचं "बेस क्यू. एस." म्हणजे लागेल तेवढा बेस. त्या बेसमधे सुगंध आहे की नाही, परिरक्षक कोणतं, मेण कोणतं, काही कळत नाही. त्यामुळं अ ची लहान यादी बघून "किती साधं क्रीम" असं समजू नका. यादी लहान आहे, क्रीम लहान नाही.

अनगोळकर

काका, हे फार उपयोगाचं. ब बाद. पण मग अ आणि क मधे? माझं मन अ कडं आहे. टक्के समोर लिहिलेले आहेत आणि क पेक्षा स्वस्तही पडतं.

हिशेबी

मी एक सोपा मार्ग सांगतो. २० टक्के युरियाचं क्रीम मिळतं, ते घ्या आणि साध्या लोशनमधे निम्मं निम्मं कालवा. झालं १० टक्के. जर्मनमधे जे इतर पाहिजे ते असलेलं लोशन निवडा, सिरॅमाइडवालं घ्या, म्हणजे दोन्ही कामं झाली. हिशेब साधा आहे, उगीच लेबलांच्या मागं लागायचं कारण नाही. मी हिवाळाभराचं एकदाच डब्यात करून ठेवतो.

फार्मसीतले काका

हिशेबी, गणित तुमचं चोख आहे. निम्म्याला निम्मं, २० चे १०. पण क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांना कसंबसं एकत्र बसवलेलं असतं, दोन वेगळ्या कंपन्यांची क्रीमं एकत्र केली की ते बसणं मोडू शकतं. डब्यात काही दिवसांनी कडेला पाणी सुटलेलं दिसलं, किंवा वर दाणेदार झालं, तर तेच झालंय. आणि परिरक्षकाचाही हिशेब निम्मा होतो बरं का, त्यात बोटं बुडवून डबा हिवाळाभर न्हाणीघरात ठेवायचा म्हणजे बुरशीला आमंत्रण. तळहातावर दोन्ही थोडं घेऊन, कालवून, लगेच लावलं तर माझी हरकत नाही. डबा करून ठेवू नका.

हिशेबी

माझ्या डब्याला अजून काही झालेलं नाही.

फार्मसीतले काका

बरं.

अनगोळकर, अ बद्दल. तुम्ही युरिया १० जुळला म्हणून खूश आहात, पण शेजारचा शब्द नीट बघा. जर्मनमधे सोडियम लॅक्टेट आहे, अ मधे लॅक्टिक ॲसिड. एकाच घरातले, पण स्वभाव वेगळे. सोडियम लॅक्टेट हे क्षार, कातडीत पाणी धरून ठेवतं, झोंबत नाही. लॅक्टिक ॲसिड मोकळं असेल तर ते कातडीचा वरचा थर सोलतं आणि भेगेत गेलं तर चांगलंच झोंबतं. आणि किती? १० टक्के. म्हणजे अ हे जर्मनपेक्षा "जास्त चांगलं" नव्हे, ते जास्त तिखट आहे. ज्यांच्या टाचेला जाड घट्टा आहे पण भेग नाही, त्यांना अ उत्तम. ऊसवाले, वहिनींच्या टाचा फुटून रक्त येत नसेल, नुसत्या जाड आणि खडबडीत असतील तर तुम्ही अ च्या जातीचं घ्या, रात्री फक्त टाचेला.

पण शुगर असलेल्या बाईच्या नडगीवर, जिथं खाजवून ओरखडे पडलेत, तिथं मी अ देणार नाही.

यात एक पण आहे. ट्यूबवर "लॅक्टिक ॲसिड १० टक्के" लिहिलं तरी बनवताना त्यात सोडा घालून त्यातलं बरंचसं लॅक्टेट करून टाकलेलं असू शकतं. ते लेबल सांगत नाही. सांगतो तो पीएच. शाळा-कॉलेजला प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडं पीएचच्या कागदी पट्ट्या मिळतात. वाटाण्याएवढं क्रीम, त्यात डिस्टिल्ड वॉटरचे चार थेंब, काडीनं कालवा, पट्टी बुडवा, कोरड्या बाजूकडं जी ओल चढते तिचा रंग बघा. क्रीमचा पांढरेपणा रंगावर बसू देऊ नका. पीएच ४ च्या आसपास आला तर जवळजवळ निम्मं ॲसिड मोकळं आहे असं धरा. ५ ते ६ आला तर बहुतेक सगळं लॅक्टेट झालंय. दशांशाची अपेक्षा पट्टीकडून ठेवू नका, पण ४ की ६ एवढं ती नक्की सांगते.

निपाणीहून

माझंही विचारते. मी तंबाखूच्या वखारीत जाते. पानं निवडून निवडून हाताच्या बोटांना भेगा पडतात, काळं चढतं ते साबणानंही जात नाही. मेडिकलवाल्यानं एक लहान ट्यूब दिली, दोन रात्रींत हात गुळगुळीत झाले. तेव्हापासून तीच लावते. सोडली की आठवड्यात परत पहिल्यासारखे, उलट जास्त लाल. अनगोळच्या भाऊंनी तीच आईला लावावी असं मला वाटतं, युरियापेक्षा लवकर गुण येतो.

फार्मसीतले काका

ताई, ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघून सांगा. "प्रोपिओनेट", "०.०५ टक्के" असं काही आहे का?

निपाणीहून

क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के. शेजारी आणखी दोन नावं आहेत, एक झोलनं संपणारं.

फार्मसीतले काका

वाटलंच होतं. ताई, हे मॉइश्चरायझर नाही. हे स्टेरॉइड आहे, आणि त्यातलंही सगळ्यात जोरकस. दोन रात्रींत गुळगुळीत होणं आणि सोडल्यावर जास्त लाल होणं ही त्याचीच खूण. महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, मग साधी बुट्टी उचलतानाही फाटते. शेजारची दोन नावं जंतू आणि बुरशी मारायची आहेत, तुमच्या भेगांना त्यांचं बहुधा कामच नाही. उद्यापासून एकदम फेकून द्या असंही मी म्हणत नाही, बरेच दिवस लावलेलं असेल तर बंद कसं करायचं ते कातडीच्या डॉक्टरांनी सांगायचं. ट्यूब घेऊन जा, नुसतं तोंडी सांगू नका. आणि तंबाखूमुळं होतंय की तंबाखू धुवायच्या साबणामुळं, हेही विचारा.

अनगोळकर, आईंना ही ट्यूब अजिबात नको.

बाकीच्यांसाठीही सांगतो. "सोन", "सोल", "प्रोपिओनेट", "फ्युरोएट" असं काही दिसलं आणि टक्का एकाच्या बराच आत असेल, ०.०५ किंवा ०.१ असा, तर काउंटरवरच थांबून विचारा. ओलाव्यासाठी घातलेला युरिया किंवा ग्लिसरीन कधी ०.०५ टक्क्यात नसतं.

निपाणीहून

कोणी कधी सांगितलंच नाही असं. बघते.

कॅम्पातला

मधेच येतो. काका, तुम्ही क कडं झुकलेले दिसताय. पण जर्मनमधे सिरॅमाइड आहे, क मधे नाही. माझ्या वाचण्यात सगळीकडं सिरॅमाइडच मुख्य असं येतं. कातडीतल्या पेशींच्या मधला चुना-सिमेंट म्हणजे सिरॅमाइड. ते नसेल तर पर्याय कसला? सिरॅमाइडवालं देशी क्रीम घ्यावं आणि युरिया सोडावा असं माझं मत.

फार्मसीतले काका

तुमचा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. पण जर्मन यादीत सिरॅमाइड कुठं आहे ते बघा, कार्बोमरच्या पुढं. कार्बोमर दाटपणासाठी असतो, तो टक्क्याच्या आतच घालतात. म्हणजे सिरॅमाइडही १ टक्क्याच्या आत. किती आत, ते यादी सांगत नाही, रेघेच्या खाली क्रमाला अर्थ नाही. सिरॅमाइड थोडंसं असलं तरी काम करतं, हे खरं. पण ते एकटं घातलंय की सोबत कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड घातलंय यावरही फरक पडतो, आणि त्या बाटलीवर अनगोळकरांनी कोलेस्टेरॉल लिहिलेलं नाही. १० टक्के युरिया सोडून त्या बदल्यात थोडं सिरॅमाइड, हा सौदा खवले असलेल्या पायाला मला पटत नाही. चेहऱ्याचा प्रश्न असता तर मी तुमच्या बाजूनं आलो असतो.

कॅम्पातला

म्हणजे सिरॅमाइडचा उपयोग नाही असं तुम्ही म्हणत नाही ना?

फार्मसीतले काका

नाही. या पायांसाठी पहिला नंबर युरियाचा, एवढंच म्हणतो. तुम्हाला दोन्ही हवं असेल तर सकाळी एक, रात्री एक लावा, कालवू नका.

खानापूरवासी

इकडं तर पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, क्रीम कसलं लावता. पण थंडीत वारं सुटलं की ओठ आणि नडग्या फाटतातच. माझा एक अनुभव असा की नुसतं ग्लिसरीन लावलं की थंडीत उलट ताणल्यासारखं होतं. आई म्हणते त्यावर व्हॅसलिन फास. तसं केलं की जमतं. याचं कारण काय?

फार्मसीतले काका

तुमच्या आई बरोबर आहेत. ग्लिसरीन, युरिया, लॅक्टेट हे सगळे पाणी ओढणारे. हवा दमट असली की त्यांना पाणी बाहेरूनही मिळतं. बेळगावची डिसेंबर-जानेवारीतली कोरडी हवा असली की ते पाणी कातडीच्या आतूनच ओढतात आणि वारं ते उडवून नेतं. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर असला की उडत नाही. हा थर युरोपातल्या लोशनमधे तेलं घालून थोडाफार दिलेला असतो. क मधे लिक्विड पॅराफिन आणि डायमेथिकोन आहे, म्हणजे थोडा आहे, पण आईंना रात्री क लावून पाच मिनिटांनी वर जेली लावली तर जर्मनच्या जवळ जाईल. सिरॅमाइडची उणीवही काही अंशी त्यात भरून निघते, कॅम्पातले रागावतील.

अनगोळकर

मंडळी, पट्ट्या आणल्या. एका शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळाल्या, १ ते १४ च्या. काकांनी सांगितलं तसं केलं, वाटीत क्रीम, डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं होतं तेच वापरलं. अ ची पट्टी नारिंगी झाली, डब्यावरच्या रंगांत ४ च्या जवळ. क ची पिवळसर, ५ आणि ६ च्या मधे कुठंतरी. जर्मन बाटलीचं तळाचं थोडं काढून बघितलं, तेही क सारखंच पिवळसर. मुलगा म्हणाला अजून एकदा कर, केलं, तेच.

म्हणजे अ मधलं ॲसिड मोकळं आहे आणि क जर्मनच्या जवळ, असंच ना?

एक शंका. क ची ट्यूब उघडली तेव्हा किंचित वास आला, गोठ्यात येतो तसा. फार नाही. सुगंध घातलेला नाही म्हणून तसा येतो की बिघडलंय?

फार्मसीतले काका

छान केलंत. हो, निष्कर्ष तोच. पट्टीवरून आकडा ठरवू नका, पण अ एका बाजूला आणि क-जर्मन दुसऱ्या बाजूला, हे पक्कं धरा.

वासाचं मात्र लक्ष द्या. युरिया पाण्यात हळूहळू मोडतो आणि त्यातून अमोनिया सुटतो. उष्णतेत वेग वाढतो. काचेच्या कपाटात उन्हात ठेवलेली ट्यूब, किंवा एप्रिल-मे महिन्यात गाडीत फिरलेली, तिच्यात हे जास्त होतं. लॅक्टेटचा एक उपयोग तोही आहे, पीएच वर चढू न देणं. किंचित वास पहिल्या दाबेला येऊन गेला तर ठीक. पण बोटावर घेतलेल्या क्रीमलाही डोळ्यात जाईल असा वास असेल, किंवा पट्टी हिरव्याकडं गेली, ७ च्या वर, तर ती ट्यूब बदलून घ्या. तुमची ५-६ आहे म्हणजे अजून ठीक आहे. ट्यूबवर बनवल्याचा महिना कोणता? एक वर्षाच्या आतला असेल तर बरं.

अनगोळकर

बनवल्याचा महिना मार्च आहे, या वर्षीचाच. म्हणजे एक उन्हाळा गेला तिच्यावर.

फार्मसीतले काका

चालेल. संपवून टाका, साठवू नका. वहिनींना सांगा, पुढच्या वेळी दुकानाच्या मागच्या, सावलीतल्या फळीवरची मागा आणि तारीख बघून घ्या.

लावायच्या आधी हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खालच्या घडीला, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघा. थोडं चुणचुणणं ५-१० मिनिटांत जातं, ते युरियाचं असतं. लाल पुरळ आलं आणि दुसऱ्या दिवशीही राहिलं तर ते क्रीम आईंना नको. मग नडगीला, आंघोळीनंतर अंग टिपून झाल्यावर, ओलसर असतानाच. बोटांच्या मधे लावू नका, तिथं ओल साठली की बुरशी येते, शुगरवाल्यांना तर लवकर. आणि टाचेच्या भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल, किंवा आईंना तिथं टोचलेलं कळत नसेल, तर क्रीमचा प्रश्न संपला, पायाच्या डॉक्टरांचा सुरू झाला.

शहापूरची सून

काका, माझ्या मुलाला आठ महिने झालेत, गाल कोरडे होतात. त्याला हे क चालेल का? घरात एकच ट्यूब ठेवली तर बरं पडतं.

फार्मसीतले काका

नको ताई. बाळाच्या कातडीला १० टक्के युरिया झोंबतो आणि बाळ सांगू शकत नाही. त्याला सुगंध नसलेलं साधं पॅराफिनचं मलम, किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेलं. तुमचं खोबरेल, गालाला पुरळ किंवा खाज नसेल तर. एक्झिमा असेल तर तेही विचारूनच.

ऊसवाला

काका, बायकोच्या टाचा नुसत्या जाड आहेत, रक्त नाही. अ घेतो. पण ती दिवसभर पाण्यात, चिखलात असते. लावून लगेच शेतात गेली तर?

फार्मसीतले काका

रात्री लावून सुती मोजे. सकाळी धुवून निघायचं. दिवसा लावून चिखलात जाऊन उपयोग नाही, सगळं धुवून जातं. आणि झोंबायला लागलं तर एक दिवस आड करा.

कॅम्पातला

काकांनी एका वाक्यात मला बसवलं पण मी अजून पटलेलो नाही. पेट्रोलियम जेलीनं सिरॅमाइडची उणीव भरते म्हणणं म्हणजे गळकं छप्पर ताडपत्रीनं झाकण्यासारखं. पाणी थांबतं, छप्पर नीट होत नाही. अनगोळकर, तुम्ही उजव्या पायाला क आणि जेली, डाव्याला क आणि सिरॅमाइडवालं देशी लोशन, असं आईंच्या परवानगीनं करून बघाल का?

अनगोळकर

आईला विचारलं. म्हणाली, दोन पायांना दोन औषधं लावायला मी काय प्रयोगशाळा आहे काय. पण नंतर म्हणाली बघूया. सिरॅमाइडवालं देशी लोशन कोणतं घ्यायचं, त्याची मागची यादी कोणी टाकली तर बरं. फोटो नीट येईना तर उतरवून टाका, पण क्रम बदलू नका.

कॅम्पातला

संध्याकाळी टाकतो. कोलेस्टेरॉल आहे की नाही तेपण बघून.